कॅशलेस पॉलिसी: वर्षभरानंतरचं मत, आणि त्या एन्हान्समेंटचा ताप

हा रिव्ह्यू चवथीच्या आधी लिहिला असता तर एकच तारा दिला असता. आता तीन देतोय, आणि कापलेले दोन तारे कंपनीचे की हॉस्पिटलचे, ते तुम्हीच ठरवा.

बाबांना न्यूमोनिया झाला म्हणून मडगावच्या एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं. वॉर्डाच्या अंदाजावर ६० हजारांची पहिली मंजुरी तासाभरात आली. मग ऑक्सिजन उतरला, आयसीयूत हलवलं आणि बिल लाखाच्या पुढे गेलं. मंजुरी मात्र ६० हजारांवरच. इन्शुरन्स डेस्कवर विचारलं की एकच उत्तर, "काका, वरून अजून काय आलं नाही." मी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, नावाने खडे फोडत होतो. शेवटी ॲप उघडून पाहिलं, तर वाढीव रकमेची मागणी तिथे पोचलीच नव्हती! डिस्चार्जच्या वेळी सगळं एकदम पाठवायचा डेस्कचा बेत होता, आणि तोवर आमच्याकडून २५ हजार डिपॉझिट मात्र भरून घेतलं होतं. खरं तर आयसीयूत हलवलं त्याच दिवशी ही वाढीव मागणी, म्हणजे एन्हान्समेंट, जायला हवी होती.

भांडल्यावर मागणी गेली, सोबत तोवरचं बिल, रिपोर्ट आणि डॉक्टरांची रोजची नोट. लगेच क्वेरी आली: आयसीयूत ठेवायची गरज काय? सिस्टरकडून केसपेपर मागून बघितला. नोटेत लिहिलेलं, 'पेशंट स्थिर, तेच उपचार चालू.' डॉक्टरांच्या लेखी 'स्थिर' म्हणजे बिघडलेलं नाही. पण टीपीएत फाइल वाचणारा म्हणणार, मग घरी का नेत नाही? डॉक्टर भले माणूस, त्यांनी नवी नोट दिली: ऑक्सिजन काढला की सॅच्युरेशन ८६ वर येतं, श्वास मिनिटाला ३२, कल्चर रिपोर्टनंतर अँटिबायोटिक बदललं, शिरेतूनच द्यावं लागेल, आणखी किती दिवस लागतील तेही. त्याच संध्याकाळी वाढीव मंजुरी आली. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

उरलेला डिस्चार्जला परत चढला. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामक इर्डाचा २०२४ चा नियम आहे. पण ते तास मागणी कंपनीकडे पोचल्यावर सुरू होतात, आणि आमचं बिल दुपारपर्यंत फार्मसीच्या परतीच्या हिशोबात अडकलेलं. ते गेल्यावर कंपनीने वेळेत उत्तर दिलं, हे मान्य करायलाच हवं.

एकूण बिल १ लाख ४६ हजार, त्यातले ७,८०० आमच्या खिशातून गेले: ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, रजिस्ट्रेशन. डिपॉझिटातून तेवढे कापून बाकीचे परत मिळाले, तेही मागे लागल्यावर. मंजुरी आलीच नसती तर फरक भरून नंतर रिइम्बर्समेंटला टाकता येतो म्हणे, पण तेवढी रोकड घरात कोण ठेवतो?

रिन्यूअल करणार आहे. कन्झ्युमेबल्सचा ॲड-ऑन घेऊ की नको यावर घरात वाद चालू आहे. बायको म्हणते घ्या, मला ग्लोव्ह्जपेक्षा प्रीमियम जड वाटतो.