बक्षीसपत्रात न लिहिलेली अट

बेळगाव जिल्ह्याच्या सीमेवरील आमच्या गावात मला दिवाणजी म्हणून ओळखतात. तंबाखूच्या वखारीत एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कागदांतील चुका काढल्या आणि स्वतःच्या घराच्या कागदावर मात्र न वाचता सही केली, हे लिहिताना लाज वाटते.

2021 मध्ये राहते घर व 1 एकर 20 गुंठे जमीन मी थोरल्या मुलाला बक्षीसपत्राने दिली. दरमहा 6,000 रुपये देण्याचे आणि औषधपाणी पाहण्याचे त्याने कबूल केले होते. मजकूर कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. "सांभाळायचं कुठं लिहिलंय?" असे मी विचारताच मुलगा म्हणाला, "आप्पा, घरातल्या घरात कसल्या अटी घालताय?" बाँडरायटरही हसला. मी तिथेच उठायला हवे होते. पण चार माणसांत पोटच्या मुलावर संशय कोण घेईल?

चौदा महिन्यांत 84,000 रुपये मिळाले, मग ते बंद झाले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मी प्रांत कचेरीत निर्वाह आणि बक्षीसपत्र रद्द करणे, या दोन्हींसाठी अर्ज केला. तो लिहून देण्याचे एकाने 3,500 रुपये घेतले. अर्ज स्वतःही देता येतो, हे मला कचेरीत कोणीही सांगितले नाही. नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत, निर्वाहाचा निकाल लागावा असे कायदा म्हणतो. मला अकरा महिने लागले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल सापडत नाही. आणि मराठीतून काही विचारले, की कारकून मान वर करीत नसे.

शेवटी 4,000 रुपये निर्वाह मंजूर झाला, पण बक्षीसपत्र कायम राहिले. कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली, तरच तो व्यवहार फसवणुकीचा मानून रद्द करता येतो; माझ्या कागदात फक्त "प्रेमापोटी" दिल्याचे होते. म्हणून अट दस्तातच घाला आणि सहीपूर्वी तो त्रयस्थाकडून वाचून घ्या. निर्वाहाचे दोनच हप्ते आले. थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो, हे मला एक हप्ता बुडाल्यावर कळले.

दस्ताच्याच दिवशी मुलीच्या आग्रहावरून मुलाने मला सांभाळण्याची एक चिठ्ठी सही करून दिली होती. ती ट्रंकेत पडून होती. नोंदणी नसलेल्या कागदाला कोण विचारतो, असे मला वाटले. पण जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या प्रकरणात बक्षीसपत्रासोबतचे तसले वचनपत्र विचारात घेऊन दस्त रद्द ठरवला. अपिलाची मुदत 60 दिवसांची असते. मी सत्तावन्नाव्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील दिले आणि चिठ्ठी जोडली. पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायला मला दोन तास उभे राहावे लागले.