दाढ काढल्यावर पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन?

मे महिन्यात जळगावात माझ्या २० किलोच्या भाच्याची दाढ काढली. ताईने विचारलं, कोणतं सिरप देऊ?

सूज असेल तर आयबुप्रोफेन सरस, कारण ते दुखण्यासोबत सूजही उतरवतं. किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याला २०० मिलिग्रॅम, आठ तासांनी, काहीतरी खाल्ल्यावरच. रिकाम्यापोटी जठर चिडतं. पण पोरगं दुखण्यापायी पाणीही पीत नव्हतं, त्यात आपलं खान्देशी ऊन! अंगातलं पाणी आटलं की याच औषधाने किडनीवर ताण येतो.

पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही, पण पोट-किडनीला सौम्य. किलोला १५, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० असलेलं सिरप ६ मिली, सहा तासांनी. सर्दीच्या सिरपमध्येही ते असतं, डोस दुप्पट झाला तर लिव्हरला धोका.

म्हणून आधी पॅरासिटामॉल. लघवी नीट, पेज पोटात गेली, तरी गाल सुजलेला, तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन. दमा, अल्सर किंवा किडनीचा आजार असेल तर पॅरासिटामॉलच.