x·e^(-x) चं महत्तम मूल्य: चिन्ह तपासावं की दुसरा विकलज काढावा?

f(x) = x·e^(-x) चा पहिला विकलज f'(x) = (1 - x)·e^(-x). तो शून्य होतो फक्त x = 1 ला. इथवर वाद नाही. तिथे शिखरच आहे हे कसं ठरवायचं, यावर मात्र दोन तट पडतात.

बरीच वर्षं मी दुसऱ्या विकलजाच्या तटात होतो. एक आकडा काढा, ऋण आला की शिखर, विषय संपला. दुसरी पद्धत म्हणजे x = 1 च्या डावी-उजवीकडे f' चं चिन्ह बघणं. ती मला तेव्हा जरा पाल्हाळिक वाटायची.

मन बदललं ते एका चुकीमुळे. दुसरा विकलज काढताना e^(-x) मधून बाहेर येणारं उणे मी विसरलो आणि f''(x) = -x·e^(-x) लिहून बसलो. खरं उत्तर (x - 2)·e^(-x). आता दोन्हीत x = 1 घाला: दोन्हीकडे -1/e! चुकलेलं पद (1 - x) ला गुणलेलं होतं आणि 1 ला तेच शून्य होतं, त्यामुळे चूक बेमालूम लपली. शिखर बरोबर आलं, पण आलेखाचा बाक कुठे बदलतो हे त्याच सूत्रावरून काढलं तेव्हा x = 2 ऐवजी 0 आलं. ते मला आजही खुपतं.

चिन्हाच्या पद्धतीत दुसऱ्यांदा विकलन करायचंच नसतं. e^(-x) कायम धन, म्हणजे सगळा कारभार (1 - x) कडे. x < 1 असेल तर फलन चढतं, x > 1 असेल तर उतरतं. म्हणजे 1/e, साधारण 0.368, हे नुसतं आजूबाजूपुरतं नाही तर सगळ्या रेषेवरचं महत्तम मूल्य झालं.

हा फरक x²·e^(-x) वर चांगला दिसतो. x = 2 ला f'' = -2/e², म्हणजे ऋण. शिखर 4/e², सुमारे 0.541. पण f(-1) = e, म्हणजे 2.718! दुसरा विकलज खोटं बोलला नाही, त्याने फक्त 2 च्या शेजारपाजारचं सांगितलं. f' = x(2 - x)·e^(-x) चं चिन्ह x < 0 ला ऋण असतं, म्हणजे डावीकडून फलन उंचावरून खाली येतंय. हे दिसलं की किती उंचावरून, हे विचारावंसं वाटतंच. उत्तर: अनंतातून.

अर्थात f' चे अवयव पडत नसतील तर चिन्ह बघणं कटकटीचं होतं, आणि मग मीही निमूटपणे दुसऱ्या विकलजाकडे वळतो. ज्यांचा हात गुणाकाराच्या नियमावर पक्का बसलाय त्यांनी तोच वापरायला हरकत नसावी. पण e^(-x) दिसलं की माझा हात आधी अवयव पाडायला जातो.