पिशवी उलटी आहे: सरळ करून घ्यावी की कारण शोधावं?

मामेबहिणीच्या सोनोग्राफीत ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’ आलं. लग्नाला दोन वर्षं, पाळीत असह्य दुखणं, मूल नाही. कुणी म्हणालं, ऑपरेशनने पिशवी सरळ करून घे. ती विचारते, करू का?

आधी शब्दाचा अर्थ. गर्भाशय पुढे मूत्राशयाकडे न झुकता मागे पाठीच्या कण्याकडे झुकलेलं, एवढंच. साधारण पाचांतल्या एका बाईचं असं असतं. उलटं वगैरे काही नसतं.

मूल राहण्याच्या दृष्टीने पाहिलं तर सैल, हलणाऱ्या पिशवीचा झुकाव आड येत नाही. शुक्रजंतू गर्भाशयमुखातून आत जातातच. म्हणून सरळ करून हाती काही लागत नाही. मात्र पिशवी मागे चिकटून बसली असेल, तर चिकटवणारा आजार शोधावा लागतो: एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं; जुना जंतुसंसर्ग; आपल्याकडे क्षयसुद्धा. तोच आजार बीजवाहक नळ्याही बिघडवू शकतो.

दुखण्याचंही तसंच. संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं नुसत्या झुकावानेही होतं, बऱ्याचदा स्थिती बदलली की कमी होतं. पाळीत अंथरूण धरायला लावणारं दुखणं मात्र झुकावावर ढकलू नये.

खर्च? ऑपरेशनला भूल, टाके, विश्रांती. शोधाची सुरुवात आतून तपासणीने होते; योनीमार्गे सोनोग्राफीत पिशवी आतड्यावरून सरकते का, तेही पाहतात. पण सोनोग्राफी साफ आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच, असं नव्हे.

त्रास नसेल तर दोन्ही नकोत. बहिणीसारखा असेल तर शोधच. दुर्बिणीतून ऑपरेशन लागलंच तर ते आजारासाठी, झुकावासाठी नाही.