एक्सेल २०१९, नऊ महिन्यांनंतर: #N/A चं कारण बहुतेक वेळा कडेला दिसतं

आमच्या ४८ घरांच्या सोसायटीची खजिनदार म्हणून मेंटेनन्सचा हिशोब मी नऊ महिने एक्सेलमध्ये ठेवते आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेल २०१९ आधीपासूनच होतं. नव्या आवृत्तीची दरवर्षीची वर्गणी सभासदांच्या पैशातून भरायला मी साफ नकार दिला, आणि तो निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. बेरजा-वजाबाक्या, पावत्या, छपाई यांबद्दल तुम्हाला सगळं माहीत असेलच, त्यामुळे ते सोडून देते. लिहायचं आहे ते चुकांच्या कोडबद्दल, कारण त्यातल्या एकाने मला तीन घरांसमोर मान खाली घालायला लावली.

मी ऑफिसमध्ये नसले की सेक्रेटरी काका स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, हे काय आलंय?" ऑगस्टमध्ये असाच एक फोटो आला. जमा रकमेच्या रकान्यात तीन ठिकाणी #N/A होतं आणि खाली एकूण बेरजेच्या जागीही #N/A. काकांना वाटलं अख्खी फाइल गेली. तसं काही नव्हतं. SUM च्या पट्ट्यात एका जरी सेलमध्ये चूक असली तरी बेरीज तीच चूक दाखवते, म्हणून आधी सगळ्यात वरचा बिघडलेला सेल बघायचा आणि खालच्या बेरजेकडे दुर्लक्ष करायचं.

रजिस्टरमधलं सूत्र साधं आहे. A रकान्यात घर क्रमांक, आणि Jama नावाच्या शीटवरून त्या घराची रक्कम उचलायची:

```
=VLOOKUP(A22,Jama!A:B,2,FALSE)
```

#N/A चा अर्थ एवढाच, की शोधलेली गोष्ट त्या यादीत सापडली नाही. पण ३०४ तर Jama मध्ये डोळ्यांना स्वच्छ दिसत होता! तेव्हा मी घाईत होते. भाच्याने सांगितलं म्हणून सगळ्या सूत्रांना IFERROR लावून टाकलं, म्हणजे चूक आली की ० दिसेल. पाच मिनिटांत पान स्वच्छ झालं आणि मला एक्सेलमधली ही सर्वांत उपयोगी सोय वाटली. दोन महिने मी तसंच म्हणत होते.

आता ते मत मी पूर्ण मागे घेते. मेंटेनन्स ३,५०० रुपये आहे. ४८ घरांचे १,६८,००० यायला हवेत, रजिस्टरमध्ये १,५७,५०० आले. मला वाटलं तिघांनी भरले नाहीत, आणि थकबाकीच्या नोटिसा गेल्या. ३०४ मधल्या काकू पासबुक घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. पैसे महिनाअखेरीलाच भरलेले होते. #N/A मला "इथे बघ" म्हणत होतं आणि मीच त्याच्यावर शून्याचं झाकण ठेवलं होतं.

त्या रात्री काकांकडून Jama शीटचा फोटो मागवला आणि मोठा करून पाहिला. Jama मधले बाकीचे घर क्रमांक सेलच्या उजव्या कडेला होते, ३०४ आणि उरलेले दोन डाव्या कडेला. आपण मुद्दाम बदललं नसेल तर एक्सेल आकडा उजवीकडे ठेवतं आणि मजकूर डावीकडे. म्हणजे ते तीन "आकडे" एक्सेलच्या लेखी मजकूर होते, आणि VLOOKUP ला आकडा ३०४ आणि मजकूर ३०४ या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. फोटोत सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असेल, तरी बहुधा हेच दुखणं असतं. तिथे पिवळ्या चिन्हावर क्लिक करून आकड्यात बदलता येतं.

माझ्याकडे त्रिकोण नव्हता. मग LEN लावून अक्षरं मोजली. ३०४ ची लांबी ३ हवी, ४ आली. शेवटचं अक्षर कुठलं हे असं विचारलं:

```
=CODE(RIGHT(A31,1))
```

उत्तर आलं 160. नेहमीच्या रिकाम्या जागेचा क्रमांक 32 असतो. 160 ही वेबपानांवरची न तुटणारी रिकामी जागा, जी दिसत नाही आणि जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या TRIM नेही जात नाही. उलगडा झाला: ४५ नोंदी बँकेतून उतरवलेल्या फाइलमधल्या होत्या, या तिघांचे पैसे शेवटच्या संध्याकाळी आले म्हणून त्यांनी शेऱ्यात लिहिलेला घर क्रमांक मी नेटबँकिंगच्या पानावरून उचलून चिकटवला होता. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहिलं आणि आलेले आकडे फक्त मूल्य म्हणून मूळ जागी चिकटवले:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(A31,CHAR(160),"")))
```

तिन्ही घरं जुळली.

बाकीच्या कोडनी इतकं छळलं नाही. ##### ही चूकच नाही. बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो, रुंद केला की आकडा दिसतो. #DIV/0! म्हणजे ज्याने भागायचं तो सेल रिकामा किंवा शून्य. #VALUE! आमच्याकडे आलं, कारण कुणीतरी रकमेच्या जागी "भरले" असं लिहिलं होतं आणि सूत्र B9+C9 असं अधिकचिन्हाचं होतं. SUM वापरलं असतं तर तो शब्द गुपचूप वगळून बेरीज आली असती, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

#REF! च्या वेळी मात्र काकांवर चिडले होते. त्यांनी नुसत्या सेलचा कापलेला फोटो पाठवला, वरची सूत्राची पट्टी नाही. कोड तेवढा बघून काय सांगणार? पुन्हा मागवला तेव्हा पट्टीत दिसलं:

```
=B5+#REF!+C5
```

मधला सिंकिंग फंडाचा रकाना उडवला होता. डिलीटचं बटण दाबून आतले आकडे पुसले असते तर हे झालं नसतं, अख्खा रकाना काढला की सूत्राचा पत्ताच नाहीसा होतो. फाइल उघडी असती तर Ctrl+Z ने परत आलं असतं. काकांनी सेव्ह करून बंद केली होती, म्हणून आदल्या आठवड्याची प्रत काढावी लागली.

#NAME? बहुधा सूत्राच्या नावातल्या चुकीने येतं, पण आमच्याकडे स्पेलिंग बरोबर होतं. ऑडिटसाठी आलेल्या फाइलमध्ये XLOOKUP होतं, जे एक्सेल २०१९ मध्ये नाही. उघडल्यावर आकडे नीट दिसत होते, सेलमध्ये जाऊन एंटर मारला की #NAME?. पट्टीत नावाआधी _xlfn. दिसलं की समजायचं, सूत्र नव्या आवृत्तीतलं आहे. मी VLOOKUP ने पुन्हा लिहिलं. अर्धा तास गेला, वर्गणी वाचली.

काकांना आता नियम घालून दिला आहे: बिघडलेल्या सेलवर क्लिक करायचं आणि रकान्यांची अक्षरं, ओळींचे क्रमांक, सूत्राची पट्टी, सगळं येईल असा फोटो काढायचा. न दिसणारी जागा फोटोतही दिसत नाही, तिथे LEN चं उत्तर मागवते. IFERROR सगळीकडून काढलं. त्याऐवजी IFNA ठेवलं, ते फक्त #N/A पकडतं, आणि शून्याऐवजी "तपासा" असा शब्द दाखवतं. रजिस्टरच्या सर्वांत वर हा एक सेल आहे:

```
=SUM(Jama!B2:B49)-SUM(C2:C49)
```

तिथे ० दिसल्याशिवाय आता एकही नोटीस छापली जात नाही. ऑगस्टला हा सेल असता तर १०,५०० दिसले असते, आणि काकूंना दोन जिने उतरून यावं लागलं नसतं.