टोरिक लेन्समधून धूसर दिसतंय: अ‍ॅक्सिस बदलायचा की लेन्सच?

सिलिंडरचा नंबर असलेल्यांची एक तक्रार मी दादरला डोळे तपासताना सतत ऐकते. चष्म्यातून लख्ख दिसतं, पण सिलिंडरसाठीच्या टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या की अक्षरांना सावली पडते. अशा वेळी नंबर बरेचदा बरोबरच असतो, फक्त लेन्स डोळ्यावर फिरलेली असते. मग दोन मार्ग उरतात. एक, त्याच लेन्समध्ये अ‍ॅक्सिस बदलून मागवायचा. दुसरा, लेन्सची ठेवणच बदलायची, म्हणजे वेगळ्या डिझाइनची किंवा वेगळ्या मापाची लेन्स घ्यायची. कोणता मार्ग घ्यायचा, हे धूसरपणा कसा येतो त्यावर ठरतं.

साध्या लेन्सचा नंबर सगळ्या दिशांना सारखा असतो, त्यामुळे ती कितीही फिरली तरी बिघडत नाही. सिलिंडरचा नंबर मात्र ठरावीक कोनातच काम करतो, आणि त्या कोनाला आपण अ‍ॅक्सिस म्हणतो. लेन्स 10 अंश फिरली की सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश दोष परत उभा राहतो. 30 अंश फिरली तर पूर्ण सिलिंडरएवढा दोष राहतो, तोही वेगळ्याच दिशेला. म्हणून 0.75 सिलिंडर असलेल्याला 10 अंशांचं फारसं काही वाटत नाही, पण 2.25 असलेल्याला पाऊण नंबर चुकल्यासारखं होतं.

आता तुमचा धूसरपणा बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा आहे, पापणी मिटली-उघडली तरी बदलत नाही? मग लेन्स फिरून एका जागी पक्की बसली आहे, आणि अ‍ॅक्सिस बदलणं हा सरळ उपाय आहे. एक उदाहरण सांगते. नंबर -3.00, सिलिंडर -1.75, अ‍ॅक्सिस 180. ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लेन्सवर बारीक खूण असते, या लेन्सची खूण बरोबर खाली, सहाच्या काट्यावर यायला हवी होती. ती माझ्या डाव्या हाताला 10 अंश सरकलेली होती आणि दर वेळी पापणी मिटून उघडल्यावर तिथेच परत येत होती. यामुळे साधारण 0.60 चा दोष उरत होता. नियम असा की खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे गेली तर तेवढे अंश मिळवायचे, उजवीकडे गेली तर वजा करायचे. 180 मध्ये 10 मिळवले की 190, म्हणजेच अ‍ॅक्सिस 10. नवी लेन्सही तशीच 10 अंश फिरते, पण आता फिरून तिचा सिलिंडर नेमका 180 वर येतो. खूण मात्र तिरकीच दिसते! ती तिरकी दिसली म्हणून लेन्स चुकीची समजू नका.

इथे एक चूक फार होते. धूसर दिसतं म्हणून साधा नंबर वाढवून दिला जातो. फिरलेल्या सिलिंडरचा दोष त्याने जात नाही, उलट डोळ्यांवर ताण येतो.

धूसरपणा येत-जात असेल, तर मात्र अ‍ॅक्सिस बदलण्यात पैसे घालवू नका. पापणी उघडल्यावर क्षणभर अस्पष्ट दिसून मग नीट होतं, किंवा कुशीवर पडून मोबाइल बघताना बिघडतं, याचा अर्थ लेन्स एका जागी ठरत नाही. कोणता कोन धरून दुरुस्ती करणार? तपासताना मी बोटाने लेन्स मुद्दाम फिरवते आणि किती पटकन जागेवर येते ते बघते. सैल लेन्स भटकत राहते, तिथे थोडी घट्ट बसणारी लेन्स लागते. फारच घट्ट असेल तर ती जागेवर परतायलाच वेळ लावते. काही लेन्सचा खालचा भाग जाड ठेवून त्या स्थिर केलेल्या असतात, तर काही वर-खाली पातळ असतात आणि पापण्यांच्या दाबाने जागेवर राहतात. पहिली जमली नाही तर दुसरी घालून बघावी. 30 अंशांच्या आसपास फिरणारी लेन्स एका जागी बसलेली असली तरी मी अ‍ॅक्सिसच्या हिशेबात न पडता डिझाइनच बदलते.

बीकेसीतल्या एसी ऑफिसात संध्याकाळी धूसर होतं आणि पापणी मिटताच साफ दिसतं, तर तो बहुधा कोरडेपणा आहे. त्यावर या दोन्हींपैकी काहीच लागू पडत नाही.

मऊ टोरिक कुठलीच जमत नसेल तर कडक आरजीपी लेन्स आहे. दोष बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागावरच असेल तर तिच्याखालचं अश्रूंचं पाणी तो भरून काढतं, आणि लेन्स फिरली तरी चालतं. पण सवय व्हायला दिवस लागतात, आणि लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला तिच्याखाली गेलेला धुळीचा कण चांगलाच टोचतो.

पूर्ण बॉक्स घेण्याआधी ट्रायल लेन्स मागा. अनेक टोरिक लेन्स दुकानात नसतात, मागवाव्या लागतात, त्यामुळे हे काम एका फेरीत होईल असं धरू नका. आणि दोन्ही डोळे वेगळे तपासून घ्या, कारण डाव्या डोळ्यात बसलेली लेन्स उजव्यात फिरू शकते.