ऑटो ब्लोडाउन कंट्रोलर: इंदूरच्या रुग्णालयातल्या बॉयलरवर आठ महिने

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सीएसएसडीच्या, म्हणजे उपकरणं-कपडे निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या, सिस्टर ऑटोक्लेव्हमधून निघालेली पाकिटं घेऊन थेट बॉयलर हाऊसमध्ये आल्या. पाकिटं ओली होती आणि दोन-तीन पाकिटांच्या कापडावर पिवळट डाग पडले होते. ओलं पाकीट निर्जंतुक धरता येत नाही, ते सगळं पुन्हा लावावं लागतं. डाग बॉयलरच्या पाण्याचे होते. वाफेबरोबर पाणी उडत होतं, कारण बॉयलरमध्ये क्षार साठून पाणी फेसाळत होतं. असं खारट झालेलं पाणी थोडं थोडं बाहेर सोडणं म्हणजे ब्लोडाउन. ऑक्टोबरमध्ये ऑटो ब्लोडाउन कंट्रोलर बसवला तो त्यामुळेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आमचा बॉयलर एक टनाचा, डिझेलवरचा, दाब 7 किलो. दिवसाला साधारण बारा तास चालतो आणि सरासरी ताशी 500 किलो वाफ लाँड्री, स्वयंपाकघर आणि सीएसएसडीला जाते. पाणी नर्मदेचं आणि बोरिंगचं मिसळून, सॉफ्टनरमधून. पूर्वी दर दोन तासांनी तळाचा वॉल्व अर्धा मिनिट उघडायचा, बारा महिने एकच नियम. पाणी मात्र बारा महिने एकसारखं नसतं.

इथे एक गैरसमज सर्वत्र दिसतो. सॉफ्टनर लावला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं लोक धरतात. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. ट्यूबवर खवले धरत नाहीत हे खरं, पण विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, म्हणजे टीडीएस, तेवढाच राहतो, किंचित वाढतोच. तो बाहेर काढायचा मार्ग ब्लोडाउनच.

किती काढायचं याचं गणित साधं आहे, त्यात फीड म्हणजे बॉयलरमध्ये जाणारं पाणी:

ब्लोडाउन = वाफ × फीडचा टीडीएस ÷ (बॉयलरमधली मर्यादा − फीडचा टीडीएस)

या दाबाला मर्यादा साधारण 3500 पीपीएम मानतात. आम्ही सेट पॉइंट 3000 ठेवला. आमच्या सॉफ्टनरमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस हिवाळ्यात 450 होता. कंपनीच्या माणसाने तोच आकडा गणितात घातला आणि ताशी 88 किलो ब्लोडाउन सांगितलं. चूक तिथेच होती. बॉयलरमध्ये जातं ते फीड टँकचं पाणी, आणि त्यात आमचा 40 टक्के कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, परत येतो, ज्याचा टीडीएस जेमतेम 20. म्हणून फीड = 0.6 × 450 + 0.4 × 20, म्हणजे सुमारे 280. आता तेच गणित ताशी 51 किलो देतं. फरकाचे 37 किलो तापलेलं पाणी तासाला गटारात. प्रत्येक किलोबरोबर शंभरेक किलोकॅलरी जाते, म्हणजे दिवसाला साडेपाच-सहा लिटर डिझेल.

कंट्रोलरचं काम असं: ठरावीक वेळाने वॉल्व थोडा उघडतो, ताजं पाणी प्रोबवरून जातं, चालकता मोजली जाते आणि तिच्यावरून टीडीएस कळतो. सेट पॉइंटच्या वर असेल तर वॉल्व उघडाच राहतो. त्याला तुमचं गणित माहीत नसतं. पण गणित तुम्हाला यायला हवं, नाहीतर त्याचं कुठे चुकतंय ते कळणार नाही. आमच्याकडे दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा उलट दिशांना.

पहिला महिना वॉल्व सारखाच उघडत होता. कारण शेवटी सापडलं कॅलिब्रेशनमध्ये. त्या माणसाने गेज ग्लासच्या ड्रेनमधून उकळतं पाणी बादलीत घेतलं आणि थंड झाल्यावर पेन मीटर बुडवला. आकडा आला 3450, तोच कंट्रोलरला शिकवला. पण 170 अंशाचं पाणी बाहेरच्या हवेत येताच त्यातलं सुमारे 13 टक्के वाफ होऊन उडून जातं आणि क्षार उरलेल्यात राहतात. खरा आकडा 3000च्या आसपास होता. म्हणजे कंट्रोलर 15 टक्के जास्त वाचत होता आणि तेवढं पाणी उगाच सोडत होता. आम्ही सँपल कूलर लावला. त्यात पाणी दाबाखालीच थंड होतं, त्यामुळे काही उडत नाही. नमुना त्यातूनच घ्यावा, नाहीतर कॅलिब्रेशन करूच नये. बॉयलरचं पाणी अल्कलाइन असल्यामुळे चालकता फुगलेली दिसते, म्हणून मोजण्याआधी नमुना न्यूट्रल करणंही आलं.

दुसरी चूक फेब्रुवारीतली, आणि ती जास्त धोक्याची. स्क्रीनवर 2400 दिसत होता, वॉल्व बहुधा बंद, डिझेलही कमी लागत होतं. सगळे खूश. मला मात्र ते पटेना, कारण गणिताप्रमाणे हिवाळ्यातल्या पाण्यात वॉल्व इतका शांत राहायला नको. म्हणून क्लोराइड काढलं. क्लोराइड वाफेत जात नाही, खाली बसत नाही, त्यामुळे पाणी किती पट आटलं हे ते सरळ सांगतं. फीडमध्ये 30, बॉयलरमध्ये 420. म्हणजे चौदा पट. फीड 280 असताना चौदा पट म्हणजे 3900च्या वर, आणि स्क्रीन दाखवते 2400!

प्रोब बाहेर काढला तर टोकाला पांढरा थर. सॉफ्टनरच्या रिजनरेशनला दोन खेपा मीठ कमी पडलं होतं, हार्डनेस पुढे गेली आणि खवले आधी प्रोबवर धरले. थर विजेला अडवतो, चालकता कमी दिसते, कंट्रोलर समजतो पाणी चांगलं आहे आणि वॉल्व बंद ठेवतो. म्हणजे ज्या दिवशी पाणी बिघडतं त्याच दिवशी यंत्र सर्वांत निश्चिंत असतं. अलार्म वाजला नाही, वाजणारही नव्हता. नंतर प्रोब सौम्य आम्लात बुडवून, धुऊन बसवला आणि आकडा लगेच वर गेला.

तेव्हापासून रात्रपाळीचे काका रोज सॉफ्टनरच्या पाण्याला हार्डनेस किट लावतात. निळं आलं तर ठीक, वाइनसारखा लाल रंग आला तर रिजनरेशन. आठवड्यातून एकदा क्लोराइडचं टायट्रेशन. बॉयलरचं पाणी फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जाईपर्यंत पातळ सल्फ्युरिक आम्लाने न्यूट्रल करायचं. सल्फाइट डोस असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब, नाहीतर आकडा फुगतो. मग क्रोमेट टाकून सिल्व्हर नायट्रेट, पिवळ्याचा विटकरी होईपर्यंत. दहा मिनिटांचं काम.

मेमध्ये खरी परीक्षा झाली. नर्मदेचं पाणी कमी, टँकर बोरिंगचे. सॉफ्टनरनंतरचा टीडीएस 900 झाला, फीड 548. गणित ताशी 112 किलो सांगत होतं, हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त. कंट्रोलरने वॉल्व आपोआप तितका उघडला. टायट्रेशननेही फीडपेक्षा साडेपाच पटच दाखवलं. सीएसएसडीकडून एकही ओलं पाकीट परत आलं नाही. गेल्या वर्षीच्या मेमध्ये आम्ही जुन्या नियमानेच सोडत होतो, म्हणजे गरजेच्या निम्मंसुद्धा नसेल.

तक्रारी दोन. प्रोबच्या अलीकडे आयसोलेशन वॉल्व दिलेला नव्हता, म्हणून साफ करायला बॉयलर थंड करावा लागायचा. आम्ही स्वतः बसवला. आणि विक्रेता म्हणाला होता की तळाचं ब्लोडाउन आता बंद करा. ते करू नका. कंट्रोलर वरच्या पाण्यातले विरघळलेले क्षार काढतो, तळाचा गाळ तिथेच राहतो. आम्ही पाळीला एकदा, भार कमी असताना, काही सेकंद तळाचा वॉल्व उघडतोच.

पुढच्या महिन्यात लाँड्रीचा बंद असलेला स्टीम ट्रॅप दुरुस्त होतोय. कंडेन्सेट वाढला की फीडचा आकडा पुन्हा मोजून गणित नव्याने मांडणार आहे.